कर्णबधिर मुलगा अंधारात अडखळतो : इम्प्लांटचा दोष की अशर सिंड्रोम?

वारणाकाठ

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तो जन्मापासून बहिरा आहे, पण हे आमच्या लक्षात तो सव्वा वर्षाचा झाल्यावर आले. बेरा तपासणीत दोन्ही कानांचे ऐकणे जवळजवळ शून्य असल्याचे कळले आणि तिसऱ्या वर्षी शासकीय योजनेतून उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवले. आता तो बोलतो, साध्या मराठी शाळेत जातो आणि त्याचे पाढे वर्गात सर्वांत पक्के आहेत.

गेल्या वर्षभरापासून मात्र एक गोष्ट मला अस्वस्थ करते आहे. दिवे लागण्याच्या वेळेस तो अंगणातून घरात येतो, तेव्हा उंबरठ्याला हमखास ठेचकाळतो. आमच्याकडे जेवायला जमिनीवर बसतात आणि तो पंगतीत येताना कोणाच्या तरी ताटात किंवा तांब्यावर पाय देतो. आजोबा त्याला धांदरट म्हणतात. परवा चमचा हातातून पडला, तेव्हा तो समोर पाहत राहिला आणि हाताने जमीन चाचपू लागला. चमचा त्याच्या पायाजवळच होता. शाळेतल्या तपासणीत मात्र डोळे 6/6 आले आणि चष्म्याची गरज नसल्याचे सांगण्यात आले.

शस्त्रक्रियेने तोल बिघडला असेल का, असा माझा प्रश्न आहे. की डोळे पुन्हा तपासून घ्यावेत?

दिनकर_मिरज

ताई, संध्याकाळी न दिसणे म्हणजे रातांधळेपणा, आणि तो अ जीवनसत्त्व कमी पडल्याने होतो. आमच्या लहानपणी गावात अशी मुले असायची आणि औषधाचे डोस मिळाल्यावर ती बरी व्हायची. गाजर, पपई, शेवग्याचा पाला सुरू करा. शिवाय कानाच्या शस्त्रक्रियेनंतर चक्कर येते, हे मी स्वतः माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत पाहिले आहे. त्यामुळे दोन्ही कारणे एकत्र असू शकतात.

श्रवणतज्ज्ञ_पुणे

दिनकररावांचे दोन्ही मुद्दे अर्धे बरोबर आहेत. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा नक्की येतो, परंतु तो बहुधा कुपोषित मुलांत दिसतो, सोबत डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर कोरडेपणा किंवा फेसासारखे डाग असतात आणि डोस दिल्यावर थोड्या दिवसांत फरक पडतो. इम्प्लांटनंतर काहींचा तोल बिघडतो, हेही खरे आहे. पण ताईंच्या मुलाबाबत काही ठरवण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी, जी त्यांनी लिहिलेली नाही : तो पहिल्यांदा आधाराशिवाय चालला, तेव्हा किती महिन्यांचा होता? मान कधी धरली, बसायला कधी लागला, हेही आठवत असेल तर लिहावे.

वारणाकाठ

मान उशिरा धरली, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात. बसायला दहा महिने लागले. तो रांगला नाही, बुडावर सरकत जायचा. चालला तो एकविसाव्या महिन्यात. डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते की बहिरी मुले थोडी मागे असतात, काळजी करू नका.

श्रवणतज्ज्ञ_पुणे

हे उत्तर महत्त्वाचे आहे, कारण शस्त्रक्रिया तिसऱ्या वर्षी झाली आणि तोलाची अडचण त्याच्या खूप आधीपासून आहे. म्हणजे इम्प्लांट हे तिचे मूळ कारण असू शकत नाही.

निव्वळ बहिरेपणामुळे मूल उशिरा चालत नाही, हे आमच्या क्षेत्रातही पुरेसे रुजलेले नाही. आतल्या कानात ऐकण्याचा शंख असतो आणि त्याला लागूनच तोल सांभाळणारा भाग असतो. ज्या मुलाचा हा दुसरा भागही जन्मापासून काम करत नाही, ते मूल मान, बसणे आणि चालणे या सर्वच टप्प्यांवर मागे पडते. पुढे ते डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळायला शिकते, इतके छान शिकते की दोन-तीन वर्षांनी ही गोष्ट सगळे विसरून जातात. अंधार पडला की मात्र तो आधार जातो.

जन्मतः जवळजवळ पूर्ण बहिरेपणा, दीड वर्षानंतर चालणे आणि पुढे संध्याकाळी अडखळणे, हे तीन धागे एकत्र आले की अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकाराचा विचार करावाच लागतो. यात दृष्टिपटलातील पेशी हळूहळू निकामी होतात. आधी अंधारातले दिसणे जाते आणि मग नजरेचा घेर कडेकडेने आवळत जातो. जन्मतः बहिऱ्या असलेल्या शंभर मुलांमागे तीन ते सहा मुलांना हा आजार असतो, असा अंदाज साधारणपणे दिला जातो.

तरीही हे निदान नव्हे. गरोदरपणातला विषाणूसंसर्ग, मेंदूज्वर, आतल्या कानाची जन्मजात वेगळी रचना, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांमुळेही बहिरेपणा आणि तोलाची अडचण एकत्र दिसतात. इम्प्लांटपूर्वी केलेला एमआरआय काढून पाहा. त्यात कानाची रचना व्यवस्थित असल्याचे लिहिले असेल, तर एक कारण बाजूला पडेल.

घरी एक गोष्ट करून पाहता येईल. जमिनीवर घडी घातलेली गादी ठेवून त्याला तिच्यावर उभे करा, तुम्ही हात पुढे करून अगदी जवळ राहा आणि त्याला डोळे मिटायला सांगा. तो लगेच कोसळू लागला, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला विहिरीत किंवा नदीत पोहायला सोडू नका. तोलाचा भाग बंद असलेल्या मुलाला गढूळ पाण्याखाली वर कोणते आणि खाली कोणते, हे कळत नाही.

सुनीता_नाशिक

माझ्या सासऱ्यांचे वय एकाहत्तर आहे. त्यांना ऐकू कमी येते आणि रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे डोळ्यांवर येतात. त्यांनाही हाच आजार असेल का? आमच्या घरात लहान मुले आहेत, म्हणून भीती वाटली.

पडद्याचा_डॉक्टर

सुनीताताई, या वयात ऐकणे मंदावणे आणि मोतीबिंदूमुळे दिवे फाकल्यासारखे दिसणे, या दोन स्वतंत्र आणि नेहमीच्या गोष्टी आहेत. त्यांची नेत्रतपासणी करून घ्या. मुलांविषयी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही.

वारणाकाठ ताई, शाळेतल्या 6/6 या आकड्यावर विसंबू नका. तो तक्ता फक्त नजरेच्या मधोमधची धार मोजतो. या आजारात मधला भाग बराच काळ शाबूत राहतो, त्यामुळे मूल तक्त्यावरचे सर्वांत लहान अक्षर वाचते आणि त्याच वेळी पायाजवळचे ताट त्याला दिसत नाही. तुम्ही सांगितलेला चमचा मला तक्त्यापेक्षा अधिक काही सांगतो.

दुसरी फसगत आमच्याकडेच होते. बाहुली मोठी करून पडदा पाहिला आणि काळे डाग दिसले नाहीत, म्हणून 'डोळे उत्तम' असे लिहून दिले जाते. ते डाग नंतर उमटतात. पेशींचे काम त्याआधीच मंदावलेले असते आणि ते ईआरजी तपासणीत कळते. थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मुलाला वीस मिनिटे पूर्ण अंधारात बसवतात आणि मग मंद व प्रखर प्रकाशाचे झोत दाखवून पडद्यातून उठणारी विद्युत लहर मोजतात. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, त्यामुळे भूल न देता खालच्या पापणीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने तपासणी बहुतेक होईल. एक काळजी मात्र घ्या. अंधारात त्याला ओठ दिसणार नाहीत, म्हणून पुढे काय होणार हे त्याला आधी उजेडात समजावून सांगा, इम्प्लांटचे मशीन कानावरच राहू द्या आणि त्याचा हात धरून बसा. मशीन काढून अंधाऱ्या खोलीत बसवलेली मुले घाबरतात, मग तपासणी अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी ती खोलीतही यायला तयार होत नाहीत.

श्रवणतज्ज्ञ_पुणे

मी आधी जनुकीय तपासणी सुचवेन. रक्ताचा एकच नमुना लागतो, मुलाला त्रास नाही आणि बहिरेपणाची इतर कारणेही त्यातच तपासली जातात.

पडद्याचा_डॉक्टर

मी सहमत नाही. जनुकीय अहवाल कधी कधी संदिग्ध येतो, सापडलेला बदल खरोखर घातक आहे की निरुपद्रवी हे सांगता येत नाही आणि कुटुंब महिनोन् महिने अधांतरी राहते. ईआरजीचा अहवाल हाती असेल, तर त्या संदिग्ध अक्षरांना अर्थ येतो. सहा महिन्यांच्या बाळाबद्दल विचारले असते, तर मी आपले म्हणणे मान्य केले असते.

अपर्णा_ठाणे

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिला याच आजाराचा दुसरा प्रकार आहे. ती वेळेवर चालली, तिला श्रवणयंत्राने पुरेसे ऐकू येते आणि तेराव्या वर्षापर्यंत डोळ्यांचा विचारही आमच्या मनात आला नव्हता. नाटकाला गेलो असताना मध्यंतरानंतर अंधार झाला, तेव्हा तिला स्वतःची खुर्ची सापडेना. तिथून आमचा शोध सुरू झाला. म्हणून कृपया कोणी असे समजू नये, की मूल वेळेवर चालले म्हणजे धोका टळला.

तुम्हाला एक प्रसंग सांगते. एका पावसाळ्यात रात्री दोन वाजता वीज गेली. झोपताना ती श्रवणयंत्रे काढून ठेवते. तिला जाग आली तेव्हा खोलीत काळोख होता, तिला काहीच ऐकू येत नव्हते, आणि मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने जी किंकाळी फोडली, ती मी विसरू शकत नाही. मी तिला धीर द्यायला गेले होते आणि तिच्या लेखी कोणीतरी अनोळखी तिला पकडत होते. त्यानंतर आम्ही एक खूण ठरवली : घरातल्या कोणीही तिच्याजवळ जाताना आधी मनगटावर दोनदा टिचकी मारायची आणि मग हात पाठीवर न्यायचा. उशाशी बॅटरीवर चालणारा दिवा असतो आणि श्रवणयंत्रांची डबी कधीही जागा बदलत नाही.

विशेष_शिक्षिका

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकोणीस वर्षे शिकवत आहे. बहिऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवायचे, हा आमचा पाठच झालेला नियम आहे. नजरेचा घेर आवळलेल्या मुलाला मात्र तो उलटा पडतो. फळ्याच्या अगदी जवळ बसल्यावर त्याच्या घेरात फळ्याचा लहानसा तुकडाच येतो. तेच मूल तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवले, तर त्याला पूर्ण फळा आणि बाईंचा उजेडातला चेहरा दोन्ही दिसतात. खुणा करताना मी दीड मीटर दूर उभी राहते आणि हात छातीसमोरच्या लहान चौकटीत ठेवते, कारण हात बाजूला गेले की त्या मुलासाठी ते नाहीसे होतात.

तुमचा मुलगा बोलतो हे छानच आहे, तरी त्याला आत्तापासून खुणांची भाषाही शिकवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. डोळे साथ देत आहेत तोवर शिकलेली खूण पुढे हातावर हात ठेवूनही वाचता येते. मशीन बंद पडले, त्या दिवशी तो काय करेल?

श्रवणतज्ज्ञ_पुणे

बाईंचा अनुभव मोठा आहे, परंतु या मुलाच्या बाबतीत माझा भर ऐकण्यावर राहील. नजर कमी होणार असेल, तर ओठ वाचण्याची सोय जाणार आहे, आणि म्हणून दोन्ही कानांनी ऐकणे जितके बळकट करता येईल तितके करावे. दोन्ही गोष्टींना मुलाचा वेळ पुरेल का, हा माझा खरा प्रश्न आहे.

विशेष_शिक्षिका

मुलांना दोन भाषा जड होत नाहीत. आपल्या घरोघरी मुले मराठी आणि हिंदी एकत्र शिकतातच की. या मुद्द्यावर आपले जमणार नाही, तेव्हा निर्णय आईवडिलांवर सोडते.

वारणाकाठ (अडीच महिन्यांनंतर)

सर्वांची ऋणी आहे. एमआरआयमध्ये कानाची रचना व्यवस्थित असल्याचे लिहिले होते. गादीवर डोळे मिटल्याबरोबर तो माझ्या अंगावर पडला. ईआरजीमध्ये मंद प्रकाशाला प्रतिसाद जवळजवळ नाही आणि प्रखर प्रकाशाचाही कमी आहे. नजरेच्या घेराच्या तपासणीत तो पहिल्या दिवशी कंटाळला, दुसऱ्या दिवशी सकाळी नेले तेव्हा नीट बसला. दोन्ही डोळ्यांचा घेर साधारण तीस अंशांवर आला आहे. त्यानंतर रक्त दिले. मायोसेव्हनए नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला आणि आम्हा दोघांच्या रक्तात तो एकेका प्रतीत आहे. निदान अशर, प्रकार पहिला.

माझे लग्न आत्याच्या मुलाशी झाले आहे. अहवाल वाचल्यापासून सासूबाई आणि वडील एकमेकांशी बोलत नाहीत. आमची धाकटी मुलगी तीन वर्षांची आहे, तिला सगळे ऐकू येते, तरी मी रोज संध्याकाळी दिवा मालवून तिला हाक मारते आणि ती कशी येते ते पाहते.

पडद्याचा_डॉक्टर

ताई, ते पाहणे थांबवा. पहिल्या प्रकारात बहिरेपणा जन्मापासूनच असतो, त्यामुळे जिला तीन वर्षांची होईपर्यंत उत्तम ऐकू येते आणि जी वेळेवर चालली, तिला तिच्या भावाचा आजार नाही असे धरून चालता येते. बदलाची एक प्रत तिच्याकडे असण्याची शक्यता तीनात दोन आहे, पण त्याने तिला स्वतःला काही होत नाही. तो प्रश्न तिच्या लग्नाच्या वयातला आहे. तुम्हा दोघांना आणखी मूल हवे असेल, तर प्रत्येक वेळी चारात एक अशी जोखीम राहील, म्हणून आधी जनुकीय सल्लागारांना भेटा.

नात्यातल्या लग्नाने दोघांकडे एकच बदल असण्याची शक्यता वाढते, एवढेच. तो बदल कोणाच्या वागण्याने आलेला नाही, आणि कोणत्या घराण्याचा हा प्रश्न तर निरर्थक आहे, कारण आपल्या बाबतीत ते बहुधा एकच घराणे आहे. हे घरातल्या मोठ्यांना जरूर वाचून दाखवा.

अपर्णा_ठाणे

आमच्या दोन्ही घरांत सात पिढ्यांत नाते नाही. मी कोकणातली आणि हे नागपूरचे. तरीही दोघांकडे दोष निघाला.

दिनकर_मिरज

मी सुरुवातीला घाईने लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. तरी विचारतो : अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने हा आजार मंदावतो, असे कुठेतरी वाचले होते. ते खरे आहे का?

पडद्याचा_डॉक्टर

आपण वाचले ते अगदी निराधार नाही. अमेरिकेत 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढ रुग्णांना रोज 15,000 एककांचा डोस दिला होता आणि ईआरजीतली घसरण किंचित मंद दिसली. पण त्या निष्कर्षावर तेव्हापासून वाद आहे, आणि तो डोस सात वर्षांच्या मुलासाठी नाही. यकृतावर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो. भाजीपाला जेवणात असावा, गोळ्या स्वतःहून देऊ नयेत.

ज्यावर उपचार आहेत, तिकडे लक्ष ठेवा. या मुलांच्या पडद्याच्या मध्यभागी कधी कधी सूज येते आणि उरलेली मधली नजर धूसर होते. ती स्कॅनमध्ये दिसते आणि औषधाने बऱ्याचदा उतरते. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो आणि तो काढता येतो. म्हणून वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका, आणि नजर अचानक मंदावली तर 'आजारच वाढला' असे मानून घरी बसू नका. जनुकीय उपचारांबद्दल लोक तुम्हाला सांगतील. हे जनुक इतके लांब आहे की ते वाहून नेणाऱ्या विषाणूत एका खेपेत मावत नाही, दोन तुकड्यांत पाठवावे लागते. त्याचे प्रयोग सुरू आहेत, घेण्याजोगा उपचार अजून नाही. कोणी पैसे मागून मूलपेशींचे इंजेक्शन देऊ करत असेल, तर त्या दारातून परत फिरा.

श्रवणतज्ज्ञ_पुणे

दुसऱ्या कानाचा विचार आता लांबवू नका. पहिल्या इम्प्लांटनंतर जितकी वर्षे जातात तितका दुसऱ्या कानाचा लाभ कमी होतो, आणि चार वर्षे गेलीच आहेत. तो कान पहिल्यासारखा होईल, असे वचन मी देणार नाही. परंतु एका कानाने आवाज येतो, तो कुठून येतो हे कळत नाही. कडेने येणारी दुचाकी ज्याला दिसत नाही, त्याला ती कोणत्या बाजूने येते हे ऐकू येणे फार मोठे आहे. शस्त्रक्रियेने तोल बिघडण्याची भीती इथे कमी आहे, कारण त्या कानातला तोलाचा भाग बहुधा मुळातच काम करत नाही. तरी आधी त्याची तपासणी करून घ्या. खर्चाचा प्रश्न मोठा आहे, कारण शासकीय योजनेत साधारणपणे एकाच कानाचा समावेश असतो.

सोलापूरकर_बाबा

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल लिहितो, कारण आम्ही तिथे दोन वर्षे घालवली. आमच्या मुलाचे डोळे 6/9 होते, म्हणून मंडळातल्या डॉक्टरांनी फक्त बहिरेपणाचे टक्के लिहिले आणि दृष्टीचा रकाना कोरा ठेवला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या नजरेच्या धारेवरही आहे आणि घेरावरही : घेर चाळीस अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी, आणि दहापेक्षा कमी असेल तर अंधत्व. त्याच कायद्याच्या परिशिष्टात बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसऱ्या वेळी घेराच्या तपासणीचा मूळ आलेख आणि त्या पानाची प्रत घेऊन गेलो, तेव्हा काम झाले. तुमच्या मुलाचा घेर तीस अंश आहे, म्हणजे तो आजच व्याख्येत बसतो.

मुंबईतील हेलन केलर संस्था 1977 पासून बहिऱ्या-आंधळ्या मुलांसाठी काम करत आहे, आणि अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया राज्याराज्यांतल्या संस्थांना मार्गदर्शन करते. आमच्या घरी येऊन अंधारात काठीने कसे चालावे हे शिकवणारे शिक्षक आम्हाला अशाच ओळखीतून मिळाले. मुलाला काठी आवडली नाही. वर्षभराने त्याने ती स्वतःहून उचलली.

वारणाकाठ

आलेख जपून ठेवला आहे आणि अर्ज भरला आहे. दुसऱ्या कानासाठी पैशांची जमवाजमव सुरू आहे. खुणांच्या भाषेचे ठरले नव्हते, पण त्याला ती शिकवणाऱ्या ताई भेटल्या आणि त्यालाच ती आवडली, म्हणून आठवड्यातून दोन दिवस जातो. शाळेत तिसरा बाक मिळाला आहे.

उंबरठ्यावर आणि न्हाणीघराच्या पायरीवर आम्ही पिवळ्या रंगाचा जाड पट्टा मारला. संध्याकाळी साडेपाचला, त्याला गरज भासण्याच्या आधीच, ओसरीवरचा दिवा लागतो. तो लावण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घेतले आहे. पंगतीत त्याचे ताट आता भिंतीच्या कडेला असते आणि स्टीलच्या ताटाखाली निळा कागद असतो.

त्याला अजून काही सांगितलेले नाही. काल त्याने विचारले, 'आई, तुला रात्री अंगणातले तुळशीवृंदावन दिसते का?' मी हो म्हणाले. तो म्हणाला, 'मला नाही दिसत, पण मला माहीत आहे ते कुठे आहे.' अपर्णाताई, तुमच्या मुलीला तुम्ही कोणत्या वयात सांगितले आणि कोणत्या शब्दांत, ते कृपया लिहा.

अपर्णा_ठाणे

तेराव्या वर्षी, निदान झाले त्याच आठवड्यात सांगितले, कारण ती अहवाल स्वतः वाचू शकत होती. सात वर्षांच्या मुलाला कसे सांगावे, हे मला ठाऊक नाही. पण त्याने विचारलेच आहे, तर इतके तरी सांगा की त्याचे डोळे अंधारात इतरांसारखे काम करत नाहीत आणि तो धांदरट नाही. माझ्या मुलीने पहिला प्रश्न हाच विचारला होता : 'म्हणजे मी वेंधळी नव्हते ना?'